तसबिरीची तीन वयं

जुन्या घरातल्या देवाच्या तसबिरीचं वय विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "आजोबांच्या वेळची", "शंभर वर्षांपूर्वीची". ते खोटं नसतं, पण त्याने काही कळतही नाही. मढवलेल्या छापील चित्राला एकच वय नसतं, तीन असतात. मूळ चित्र कधी रंगवलं गेलं, हे पहिलं. आपल्या हातातला कागद कधी छापला गेला, हे दुसरं. आणि तो काच-चौकटीत कधी बसवला गेला, हे तिसरं. ही तीन वयं एकमेकांपासून तीस-चाळीस वर्षं लांब असू शकतात. बाजारातले बहुतेक घोटाळे आणि घरातल्या बहुतेक गैरसमजुती पहिलं वय दुसऱ्याला चिकटवल्यामुळे होतात.

राजा रविवर्म्यांची लक्ष्मी घ्या. पाण्यातल्या कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. मूळ चित्र १८९० च्या दशकातलं. पण त्याच्या छापील प्रती चित्रकाराच्या हयातीत निघाल्या, १९०६ मध्ये ते गेल्यावरही निघत राहिल्या, इतर छापखान्यांनी नकला काढल्या, आणि आजही निघतात. त्या सगळ्यांवर सही तीच. म्हणजे कोपऱ्यातली सही किंवा सहीखालचं साल आपल्याला पहिलं वय सांगतं, त्याहून जास्त काही नाही. दुसरं आणि तिसरं वय शोधायचं तर चित्रातल्या देवाकडे पाहणं थोडा वेळ बाजूला ठेवून शाई, कागद, काच आणि पाठीची फळी पाहावी लागते.

दगडावरचे देव

छापील देव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले ते १८७८ नंतर. त्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि वासुदेव गणेश जोशी यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू केला. त्याच सुमारास कोलकात्यात अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कलकत्ता आर्ट स्टुडिओ उभा राहिला. चित्रशाळेने पेशवाईतले मुत्सद्दी आणि देवदेवता दोन्ही छापले. तिचं रामपंचायतन तर कित्येक देवघरांत गेलं. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला. थोरल्या चित्रकाराचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा हे त्यातले मोठे आधार होते. मुंबईत प्लेग आला, छापखान्याने गिरगाव सोडलं, आणि शतक पालटण्याच्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला स्थिरावला. थोड्याच वर्षांत त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी काही काळ याच छापखान्यासाठी काम करत होते.

या छापखान्यांचं तंत्र एकच होतं, शिळामुद्रण. बव्हेरियातल्या झोलनहोफेनचा बारीक पोताचा चुनखडी दगड घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की कोरा भाग पाणी धरतो आणि तेलकट रेघ पाणी झिडकारते. मग रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर बसते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. फिकट पिवळा, मग गुलाबी, मग निळा, मग तपकिरी, असं करत शेवटी गडद रेषांचा दगड. साध्या चित्राला पाच-सहा दगड पुरत. चांगल्या चित्राला दहा-बाराही लागत. एकच कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई, आणि दरवेळी तो आधीच्या रंगांवर बिनचूक बसावा लागे.

यातली सगळ्यात अवघड करामत दगडावर चित्र उतरवणाऱ्या कारागिराची होती. तैलचित्रातला लक्ष्मीचा गाल त्याला डोळ्यांनी सुटा करावा लागे: यात गुलाबी किती, तपकिरी किती, हनुवटीखाली निळसर छटा कुठे. मग प्रत्येक दगडावर तो टाकाने ठिपके देत जाई, दाट हवं तिथे दाट, विरळ हवं तिथे विरळ. कॅमेऱ्याने रंग वेगळे करण्याची पद्धत तेव्हा त्या कामात नव्हती. गालावरचा प्रत्येक ठिपका माणसाच्या हाताचा होता, आणि शंभर वर्षांनी छपाई ओळखायची ती याच ठिपक्यांवरून.

भिंगाखालचा गाल

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शाळेतलं मोठं गोल भिंग चालत नाही, त्याने फार तर दुप्पट-तिप्पट दिसतं. छापखान्यात रंग तपासायला वापरतात ते छोटं भिंग हवं. ते दुकानात सहज मिळतं. चित्रात काय पाहायचं तेही ठरवून घ्या. गडद पदर, काळा केशसंभार यांत सगळे रंग एकमेकांत बुडालेले असतात, तिथे काही दिसत नाही. गाल, कपाळ, आकाश, पाण्याचा फिकट भाग, इथे पाहा. रंग विरळ असतो तिथे छपाई उघडी पडते.

अस्सल शिळाप्रेसच्या चित्रात गालावर ठिपके दिसतात, पण ते एकसारखे नसतात. एखादा टपोरा, एखादा बारीक, एखादा लांबट. त्यांच्या रांगा सरळ नसतात. गालाच्या गोलाईबरोबर वळतात. गुलाबी ठिपका मुळातच गुलाबी शाईचा असतो, तपकिरी ठिपका तपकिरी शाईचा. ठिपक्यांखाली बऱ्याचदा एक सपाट, अखंड फिकट रंग पसरलेला असतो. आणि दागिन्याच्या किंवा ओठाच्या कडेला एखादा रंग केसभर सरकलेला दिसतो, कारण तो दगड किंचित हलला होता.

आता स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतलं एखादं कॅलेंडर भिंगाखाली धरा. इथेही ठिपके आहेत, पण त्यांच्यातलं अंतर सारखं आहे. जाळी लावल्यासारख्या सरळ रांगा, प्रत्येक रंगाची रांग वेगळ्या कोनात, आणि चार रंगांच्या रांगा एकमेकींवर पडून तयार झालेली बारीक फुलं. गुलाबी शाई इथे नाहीच. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढेच चार रंग. बाकीचं डोळा जुळवून घेतो. हे हाफटोन. मूळ चित्राचा जाळीतून फोटो घेऊन रंग वेगळे केले जातात, मग ऑफसेट यंत्रावर छपाई होते. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल, एस. एम. पंडित यांची चित्रं आपल्या घरांत आली ती बहुतेक याच वाटेने. मुळगावकरांच्या देवांच्या अंगावरची ती मऊ, धुक्यासारखी झळाळी हवेच्या फवाऱ्याने रंग देऊन आलेली आहे. तशी सलग छटा टाकाच्या ठिपक्यांनी दगडावर उतरवणं फार कठीण गेलं असतं.

या दोन टोकांच्या मध्ये दोन फसव्या जागा आहेत. पहिली, जुन्या चित्राचा फोटो घेऊन केलेली नवी ऑफसेट छपाई. इथे भिंगाखाली दोन गोष्टी एकदम दिसतात: जुन्या कारागिराचे वळणदार ठिपके, आणि ते ठिपके ज्यांनी बनले आहेत ती जाळीतली फुलं. ठिपक्याच्या पोटात ठिपके. असं दिसलं की कागद कितीही पिवळा असो, छपाई नंतरची. दुसरी जागा अधिक अवघड, ती म्हणजे आजच्या इंकजेट यंत्रावरची प्रत. तिचे ठिपके जाळीत नसतात, विखुरलेले असतात, म्हणून घाईत ते हाताचे वाटतात. पण ते फार बारीक आणि जवळजवळ एकाच आकाराचे असतात, गालाच्या वळणाशी त्यांचा संबंध नसतो, आणि सपाट अखंड रंग कुठेच सापडत नाही. अक्षरांच्या कडाही पाहाव्यात: शिळाप्रेसचं अक्षर काठापर्यंत भरीव असतं, इंकजेटच्या अक्षराच्या काठाला तुषार दिसतात.

काही चित्रांवर कॅनव्हाससारखा खरखरीत पोत आणि वर व्हार्निशचा थर असतो. त्यांना ओलिओग्राफ म्हणतात. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून छपाई झाल्यावर कागद पोत असलेल्या साच्यात दाबला जाई. आपल्याकडे रविवर्म्यांच्या सरसकट सगळ्या छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणायची रीत पडली आहे, पण त्यांतली पुष्कळशी साधी, बिनपोताची शिळाछापं आहेत. पोत नाही म्हणून चित्र नकली ठरत नाही.

समासातली ओळ

चित्राच्या खालच्या समासात छापखान्याची ओळ असते, आणि काळ ठरवायला तिच्याइतका भरवशाचा पुरावा नाही. रविवर्मा प्रेसच्या ओळीत मुंबई आहे की कार्ला, लोणावळा, मळवली यांपैकी काही, हे आधी पाहायचं. घाटावरचा पत्ता असेल तर चित्र छापखाना तिथे गेल्यानंतरचं, म्हणजे ढोबळमानाने १९०० च्या पुढचं. विक्रेत्याचं नाव वेगळं छापलेलं असतं, उदाहरणार्थ मुंबईच्या मोती बाजारातले अनंत शिवाजी देसाई. ते छापणाऱ्याचं नाव नव्हे, विकणाऱ्याचं. दोन्हींची गल्लत करू नये.

इंग्रजीत "प्रिंटेड इन जर्मनी" अशी ओळ असेल तर ती काळाला आणखी आवळते. इथल्या व्यापाऱ्यांनी चित्रं पाठवून जर्मनीत छापून आणायची चाल बरीच वर्षं होती. पण १९१४ ते १९१८ या युद्धात जर्मनीचा माल थांबला, आणि १९३९ ला पुन्हा थांबला. म्हणून असं चित्र एकतर पहिल्या युद्धाच्या आधीचं किंवा दोन युद्धांच्या मधलं. "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो देशच नव्हता. ब्रिजबासी या चित्रप्रकाशकांच्या चित्रावर कराचीचा पत्ता असेल तर ते फाळणीपूर्वीचं. इंग्रजी पत्त्यात "पूना" असेल तर बहुधा १९७८ पूर्वीचं, "बॉम्बे" असेल तर बहुधा १९९५ पूर्वीचं. "बहुधा" अशासाठी, की छापखाने जुने पत्ते पुढेही काही वर्षं वापरत राहतात.

दुःख याचं, की नेमकी हीच ओळ सर्वात आधी जाते. त्या काळी १४ बाय २० इंच हा चित्राचा एक रुळलेला आकार होता. हाताशी असलेली चौकट त्याहून लहान निघाली की मढवणाऱ्याने कात्री चालवली ती खालच्या समासावर. देवाच्या मुकुटाला कोणी हात लावत नाही, पायाखालच्या अक्षरांना लावतात. कधी कधी मात्र समास कापण्याऐवजी मागे दुमडलेला असतो. म्हणून चौकट उघडल्यावर आधी खालच्या कडेची घडी पाहावी.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

पिवळेपणावरून वय सांगू नये. लाकडाच्या लगद्याचा हलका कागद उन्हाच्या भिंतीवर वीस वर्षांत तांबूस होतो. चिंध्यांपासून केलेला चांगला कागद शंभर वर्षांनीही उजळ राहतो. चहाच्या पाण्याने कागद जुना करण्याची हातचलाखीही बाजारात चालते. तिची खूण अशी, की डाग कागदाच्या दोन्ही बाजूंना आणि कडेपर्यंत सारखा असतो. खरा म्हातारा कागद कधीच सारखा पिवळा नसतो.

एक चाचणी मात्र पक्की आहे, आणि ती एकाच दिशेने चालते. साधारण १९५० पासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले. नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात अशा कागदावर धरली, की तो निळसर पांढरा पेटून उठतो. पेटला, तर कागद १९५० नंतरचा. न पेटला, तर काहीच सिद्ध होत नाही, कारण अशी रसायनं नसलेला कागद त्यानंतरही निघतोच. टॉर्च चित्राच्या पाठीवर आणि समासावर धरावी. साबणाचं पाणी उडालेलं असेल तर तेवढा डाग पेटतो, त्याला कागद समजू नये.

काच आणि पाठ

तिसरं वय चौकटीचं. काच हातात न घेता, भिंतीवरच, बाजूने तिरपं पाहावं, आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिच्यावरून सरकवत न्यावं. जुनी काच फुंकून लांब नळकांडं करत, ते उभं चिरत आणि तापवून सपाट करत. तिच्यात प्रतिबिंब कुठेही, कसंही वाकतं. मधूनच लांबट बुडबुडे दिसतात. जाडीही कमी-जास्त असते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात वितळलेल्या काचेचा सलग पत्रा यंत्राने ओढून काढायची रीत आली. या काचेत प्रतिबिंब लाटा घेतं, पण लाटा समांतर असतात, एका दिशेला लागलेल्या. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायचं तंत्र जाहीर केलं. भारतात अशी फ्लोट काच १९९० च्या दशकात तयार होऊ लागली. तिच्यात प्रतिबिंब अजिबात वाकत नाही.

पण काच फुटते आणि बदलली जाते. शिवाय जुनी काच फेकून देणारे मढवणारे कमीच. ते ती कापून दुसऱ्या चौकटीला लावतात. म्हणून काच एकटी काही ठरवू शकत नाही. खरी बखर पाठीला लिहिलेली असते. पूर्वी मागे पातळ लाकडी फळ्या लावून त्या बारीक चुकांनी ठोकत. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि फळ्यांच्या सांध्यांची, गाठींची तपकिरी सावली चित्राच्या पाठीवर उमटते. आज मागे हार्डबोर्ड असेल आणि कागदावर फळ्यांची सावली असेल, तर चौकट एकदा तरी बदलली आहे.

समोरच्या बाजूलाही अशीच खूण असते. चौकटीच्या खाचेत दडलेल्या कडेला उजेड लागत नाही, म्हणून तिथे पाच-सहा मिलिमीटरची पट्टी मूळ रंगात राहते. ती आजच्या खाचेशी तंतोतंत जुळली, तर चित्र बहुधा याच चौकटीत राहिलं आहे. न जुळली, किंवा दोन पट्ट्या दिसल्या, तर चौकटी दोन.

एका लक्ष्मीचा तपास

पुण्यातल्या एका पेठेत वाडा पाडून इमारत उभी राहणार होती, तेव्हा त्या घरातली लक्ष्मीची तसबीर पाहायची संधी मिळाली. घरच्यांची श्रद्धा होती की ती "रविवर्म्यांच्या हातची" आहे आणि पणजीच्या काळापासून देवघरावर आहे. चित्राखाली कोणतंही अक्षर दिसत नव्हतं. तसबीर उघडायचं काम पेठेतल्याच एका अनुभवी फ्रेमवाल्या काकांनी केलं. उघडण्याआधी पुढून, मागून, बाजूंनी फोटो घेतले, कारण उघडल्यावर क्रम मोडतो आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

पाठीवर फ्रेमवाल्याची चिठ्ठी होती, पत्त्यात "पुणे ४११०३०". सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे ही चौकट त्यानंतरची. हार्डबोर्डही त्याला धरूनच होता. चौकट जुनी नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. काचेत मात्र समांतर लाटा होत्या, आणि तिच्या तीन कडा बोथट, मळकट, तर एक कड धारदार आणि स्वच्छ होती. काकांनी बोट न लावता ती दाखवली: जुनीच काच एका बाजूने कापून पुन्हा बसवली होती.

हार्डबोर्ड निघाल्यावर चित्राची पाठ दिसली नाही, दिसला खळीने चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद. तारखेचा भाग फाटलेला होता. पण त्यावर प्रभातच्या "संत तुकाराम" चित्रपटाची जाहिरात होती. तो चित्रपट १९३६ च्या अखेरीस आला, म्हणजे हा कागद त्याआधी चिकटवलेला नाही. चित्रपट पुन्हा लागतात, म्हणून जाहिरातीवरून नेमकं साल काढता येत नाही. फक्त "याआधी नाही" एवढंच म्हणता येतं. आणि त्या वर्तमानपत्रावर दोन उभ्या तपकिरी रेघा होत्या, तीन फळ्यांच्या दोन सांध्यांच्या. म्हणजे हा कागद पहिल्या, फळ्यांच्या चौकटीचा. आजच्या चौकटीने तो मागून उचलून तसाच आत घेतला.

मग समोरची बाजू. उजव्या आणि डाव्या कडेला दोन पट्ट्या स्पष्ट होत्या: बाहेरची अगदी उजळ, आतली थोडी कमी. आधीच्या चौकटीची खाच अरुंद, नंतरची रुंद. नंतरच्या खाचेखाली गेलेला भाग तोवर काही वर्षं उजेडात राहिला होता, म्हणून आतली पट्टी मधल्या छटेची. तिसरी पट्टी नव्हती. म्हणजे फळ्यांच्या चौकटीआधी चित्र आणखी कुठे फार काळ मढवलेलं असण्याची शक्यता कमी. खालच्या कडेला कागद मागे दुमडलेला निघाला. घडी ओढली नाही. कडक कागदाची घडी उघडायला गेलं की ती तुटते. आरसा खाली धरला आणि टॉर्चच्या उजेडात ओळ वाचली: रविवर्मा प्रेस, आणि पुढे घाटावरचा पत्ता.

गालावर भिंग ठेवलं. वळणदार, लहानमोठे ठिपके, गुलाबी शाईचे आणि तपकिरी शाईचे, खाली अखंड फिकट रंग. कमळाच्या एका पाकळीवर गुलाबी केसभर बाहेर गेलेला. जाळी कुठेच नाही. अतिनील टॉर्चखाली कागद पेटला नाही. चौकटीतला एक पांढरा जोडपट्टा तेवढा पेटला, तो अर्थात नंतरचा.

निकाल असा. चित्र १८९० च्या दशकात रंगवलेलं. ही प्रत शिळाप्रेसवर छापलेली, घाटावरच्या पत्त्यामुळे १९०० च्या सुमारापासून पुढची, आणि वर्तमानपत्र व फळ्यांच्या सावलीमुळे बहुधा १९३० च्या दशकाच्या अखेरपर्यंतची. पहिल्यांदा मढवली १९३६ च्या अखेरीनंतर, दुसऱ्यांदा १९७२ नंतर, त्या वेळी जुनी काच कापून वापरली. छपाईच्या बाबतीत चाळीस वर्षांची फट उरते, आणि या पुराव्यांवर ती याहून लहान करता येत नाही. छापखान्याने तेच दगड किंवा तेच चित्र पुन्हा उतरवलेले दगड वर्षानुवर्षं वापरले. फक्त ठिपक्यांवरून एक आवृत्ती दुसरीपासून वेगळी सांगायची तर शेजारी ठेवायला साल माहीत असलेली दुसरी प्रत हवी. घरच्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्यातल्या आजींनी आईचं लग्न १९३७ चं असल्याचं सांगितलं. लग्नात आलेलं चित्र लगेच मढवलं असेल, तर ते पुराव्याशी जुळतं. पण ते जुळणं आहे, सिद्ध होणं नव्हे.

"रविवर्म्यांच्या हातची" म्हणण्यापुरतं मात्र उत्तर नक्की आहे. चित्र रविवर्म्यांचं, पण या कागदावरचा हात मळवलीच्या त्या अनाम कारागिरांचा, ज्यांनी लक्ष्मीचा गाल ठिपक्याठिपक्याने दगडावर उतरवला.

कॅलेंडरची गणिती साक्ष

कॅलेंडर तर तारखांचंच बनलेलं असतं, तरी त्याचं साल बऱ्याचदा हरवतं, कारण घरात देवाचं चित्र जपतात आणि तारखांचा भाग फाडतात. एखादं पान उरलं असेल तर त्यावरून काम होतं. समजा, ऑगस्टचं पान आहे आणि १५ तारीख शुक्रवारी आहे. १९३० ते १९६० या काळात असं १९३०, १९४१, १९४७, १९५२ आणि १९५८ या वर्षीच झालं. १५ ऑगस्ट सुट्टी म्हणून तांबड्यात छापला असेल, तर १९५२ किंवा १९५८. साधा काळा असेल, तर आधीची तीन. १९४७ चं कॅलेंडर १९४६ मध्ये छापलं जात होतं, तेव्हा ती तारीख कोणालाच माहीत नव्हती.

उरलेल्यांतून तिथी निवड करते. वार जुळले तरी तिथ्या सरकतात. १९४७ मध्ये १५ ऑगस्टच्या दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. १९४१ मध्ये ती आठवडाभर पुढे होती. वार आणि तिथी दोन्ही जुळली की साल जवळजवळ एकच उरतं. जानेवारीचं पान असेल तर २६ तारीख पाहावी. ती सुट्टी १९५१ च्या कॅलेंडरपासून छापली जाऊ लागली. १ मे महाराष्ट्र दिन म्हणून असेल तर १९६१ किंवा पुढचं. पण एक लक्षात ठेवायचं: पंचांगाची चिटोरी दरवर्षी नवी, वरचं चित्र मात्र छापून ठेवलेल्या साठ्यातलं असू शकतं. चित्र कॅलेंडरपेक्षा जुनं असेल, नवं नसेल.

मढवायला देण्याआधी

हा सगळा पुरावा शंभर वर्षं टिकतो आणि एका दुपारी नाहीसा होतो. काच फुटते, आपण तसबीर दुकानात देतो, आणि संध्याकाळी ती स्वच्छ पाठीची, नव्या पुठ्ठ्याची, कडा सरळ कापलेली परत येते. फ्रेमवाल्याने काम चांगलंच केलेलं असतं. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून सांगा. देण्याआधी पुढचे, मागचे आणि कडांचे फोटो घ्या. समास कापू नका, दुमडलेला असेल तर उलगडू नका, असं सांगा. जुनी चिठ्ठी, वर्तमानपत्र, फळी पाकिटात घालून परत मागा. ते चिकटलेलं असेल तर सोडवू नका. चित्र दमटपणाने काचेला चिकटलं असेल तर ओढू नका, कागदाचा वरचा थर आणि शाई काचेवरच राहते. ते काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं आहे. नवी काच बसवताना चित्र आणि काच यांत माउंटची थोडी पोकळी ठेवायला सांगा. आणि नव्या पाठपुठ्ठ्यावर, चित्रावर नव्हे, पेन्सिलीने लिहा: चित्र कोणाकडून आलं, आज कोणत्या साली मढवलं, जुनी काच ठेवली की बदलली. दोन ओळी पुरतात.